योगशिक्षकांना रिपोर्ट नको, वाकण्याची उंची सांगा

प्रश्न: माझं वय ४३. पाच महिन्यांपूर्वी कंबरेतली एल५-एस१ची चकती सरकल्याचं निदान झालं, डाव्या बाजूची नस दबली होती. सुरुवातीला कळ नितंबातून पोटरीत आणि पावलाच्या बाहेरच्या कडेपर्यंत जायची. आता ती बहुतेक वेळा नितंबातच थांबते. डॉक्टर म्हणाले, योगवर्ग सुरू करा, पण जपून. जपून म्हणजे काय ते काही कळलं नाही. वर्ग सकाळी साडेसहाचा, तासाभराचा, पंचवीस जणांचा. सरांना एमआरआयचा रिपोर्ट दाखवला. त्यांनी तो चाळून परत दिला आणि म्हणाले, ‘जमेल तेवढंच करा.’ पहिल्या दिवशी जमेल तेवढंच केलं आणि रात्री पोटरी पेटली. सरांना नीट पत्र लिहायचं आहे. ते उद्धट वाटायला नको, आणि त्यांनी मला कोपऱ्यात नुसतं बसवून ठेवायलाही नको. काय लिहू?

उत्तर: ‘जमेल तेवढंच’ हा सल्ला ताठरलेल्या स्नायूला लागू पडतो. दुखावलेल्या नसेला तो पडत नाही. स्नायू ताणला की त्याच क्षणी सांगतो, आणि आपण थांबतो. नस मात्र ताणली जाताना पुष्कळदा गप्प असते. तिचं गाऱ्हाणं चार-सहा तासांनी, कधी रात्री अंथरुणात सुरू होतं. त्यामुळे वर्गात तुम्हाला जे ‘जमलं’ ते जमायलाच नको होतं, हे तिथे ना तुम्हाला कळलं ना सरांना. पत्रात नेमकी हीच फट भरून काढायची आहे.

आधी रिपोर्टबद्दल. तो पत्राला जोडू नका. एमआरआयमध्ये चकतीचा आकार दिसतो, पण कुठल्या हालचालीने तुमचा पाय दुखतो ते दिसत नाही. शिवाय चकतीचा फुगवटा ज्यांना काहीच त्रास नाही अशा माणसांतही सर्रास सापडतो. अशा लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात विशीतल्या साधारण ३० टक्के आणि पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांच्या चकतीत फुगवटा होता. रिपोर्ट वाचून शिक्षक एक तर घाबरतो आणि तुम्हाला कोपऱ्यात बसवतो, नाही तर खांदे उडवतो. दोन्ही वेळा चूक त्याची नाही, कारण त्याच्या हातात त्याला वापरता येईल असं काही आलेलंच नसतं. त्याला वापरता येते ती माहिती अशी: किती उंचीपर्यंत वाकता येतं, किती मिनिटं बसता येतं, हात कुठे लावायचा नाही, आणि थांबायचं केव्हा.

ही माहिती तुमच्याकडेही अजून नाही. ती आधी घरी काढा. ज्या दिवशी कळ पोटरीत उतरलेली असेल त्या दिवशी ही तपासणी करू नका. दोन-तीन दिवस शांत गेल्यावर करा, आणि शक्यतो वर्गाच्याच वेळेला करा. वेळ महत्त्वाची आहे. रात्रभर आडवं असताना चकत्या पाणी शोषून टम्म होतात, म्हणून सकाळी आपली उंचीही थोडी जास्त भरते. अशा भरलेल्या चकतीवर वाकताना तिच्या मागच्या भिंतीवर येणारा ताण दुपारच्या मानाने बराच जास्त असतो. उठल्यानंतर पहिल्या तासाभरात हे जास्तीचं पाणी बरंचसं उतरतं. संध्याकाळी जमिनीला हात लागले म्हणून सकाळी साडेसहाला ते लावावेत असं नाही.

पहिली तपासणी वाकण्याची. टेबलासमोर उभ्या राहा, पाय खांद्यांइतके अंतरावर, गुडघे किंचित दुमडलेले. कंबर गोल न करता खुब्यातून वाका आणि तळवे टेबलावर टेका. टेबल साधारण ७५ सेंटीमीटर उंच असतं. पाच श्वास थांबा, वर या, दोन मिनिटं चाला. पायात काहीही नवं जाणवलं नाही तर तेच खुर्चीच्या बैठकीवर करा, म्हणजे सुमारे ४५ सेंटीमीटरवर. त्याखाली आज जाऊच नका. नितंबातली कळ मांडीकडे सरकली किंवा पावलाच्या कडेला मुंग्या आल्या, तर ती उंची तुमची नाही. त्याच्या वरची पायरी तुमची. नुसती कंबर अवघडली आणि उभं राहिल्यावर मोकळी झाली तर त्याला मोजू नका. तुम्हाला पाहायचं आहे ते पायाकडे.

कळ कुठे जाते हे किती दुखतं यापेक्षा महत्त्वाचं आहे. पावलातून पोटरीत, पोटरीतून मांडीत, मांडीतून कंबरेत अशी ती वर सरकत असेल तर कंबर थोडी जास्त दुखली तरी चिन्ह बरं आहे. कंबर हलकी वाटते पण पोटरी जागी झाली, असं असेल तर गाडी उलट्या दिशेने चालली आहे. तुमची कळ पाच महिन्यांत पावलातून नितंबात आली, हे चांगलं आहे. वर्गाने ती परत खाली ढकलू नये, एवढीच मर्यादा आपण आखतो आहोत.

दुसरी तपासणी बसण्याची. मांडी घालून बसा आणि घड्याळ लावा. बहुतेकांचं श्रोणीचं हाड मांडी घातल्यावर मागे झुकतं आणि कंबर पोक काढल्यासारखी गोल होते. म्हणजे बसल्याजागी हळूहळू चाललेलं पुढे वाकणंच ते. चकतीच्या आतला मऊ गर मागे, नसेच्या बाजूला सरकायला याने मदत होते. कितव्या मिनिटाला नितंब बोलू लागतं ते लिहून ठेवा. चकतीच्या रुग्णांना आसनांपेक्षा शेवटच्या वीस मिनिटांचं प्राणायामाचं बसणं जास्त नडतं आणि त्याच्यावर कुणी संशयही घेत नाही. त्यात पुन्हा, बराच वेळ गोल कंबरेने बसल्यावर मणक्यांमागचे बंध काही काळ सैल राहतात. अशा वेळी उठून लगेच खाली वाकून सतरंजी गुंडाळली की व्हायचं ते होतं, आणि दोष मात्र त्या दिवशीच्या भुजंगासनाला लागतो.

भुजंगासनाबद्दल तिसरी तपासणी. पालथं झोपा, कोपर खांद्यांखाली टेकून छाती थोडी उचला, पोट आणि जांघा जमिनीवरच. दोन मिनिटं थांबा. तुमच्यासारख्या मागच्या बाजूने सरकलेल्या चकतीत बऱ्याच जणांची कळ यात वर सरकते. सगळ्यांची नाही. कुणाची मागे वाकल्यावर पोटरीत उतरते, आणि वयामुळे मणक्याची नळी अरुंद झालेल्यांना तर मागे वाकणंच सोसत नाही, त्यांना पुढे वाकून बरं वाटतं. त्यामुळे ‘चकतीला मागे वाकणं चांगलं’ असं पत्रात लिहू नका. ‘मला चालतं’ किंवा ‘मला चालत नाही’ एवढंच लिहा. दुसऱ्या कुणी हे उत्तर वाचून पत्र लिहिणार असेल तर त्यांनीही खालचा मजकूर जसाच्या तसा उतरवू नये. उंची, मिनिटं आणि दिशा स्वतःची घालावी.

आता ज्याच्यावरून तुमचं आणि सरांचं सर्वांत जास्त बिनसण्याची शक्यता आहे ते. पश्चिमोत्तानासनात तुमच्या मांडीमागे ताण येईल आणि सर म्हणतील, ‘स्नायू आखडलेत, रोज केलं की सुटतील.’ डॉक्टरांनी तुम्हाला उताणं झोपवून सरळ पाय वर उचलला होता, आठवतं? साधारण ३० ते ७० अंशांच्या दरम्यान कळ पायात उतरली तर नस दुखावली आहे असा त्याचा अर्थ घेतात. सुप्तपादांगुष्ठासन म्हणजे तीच चाचणी, फक्त पट्टा लावून आणि जास्त वेळ. पाय सरळ, कंबर गोल, मान खाली असं पश्चिमोत्तानासन हे तर नस दोन्ही टोकांनी ताणायच्या चाचणीचंच रूप आहे. जी हालचाल दुखणं उमटतं का ते पाहण्यासाठी डॉक्टर काही सेकंद करतात, ती तुम्ही दहा श्वास धरून बसता. मग रात्री पोटरी पेटते यात नवल नाही.

ताण स्नायूचा की नसेचा हे घरी ओळखता येतं. खुर्चीवर बसा, कंबर थोडी सैल सोडा, हनुवटी छातीकडे घ्या. डावा गुडघा हळूहळू सरळ करत जा आणि मांडीमागे ओढ लागेल तिथे थांबा. आता पाय अजिबात न हलवता फक्त मान वर करा. ओढ झटकन कमी झाली तर ती नसेची. मांडीमागचे स्नायू मानेपर्यंत पोहोचत नाहीत, त्यामुळे मान हलवल्याने त्यांची ओढ कमी व्हायचं कारण नाही. मेंदूपासून मणक्यातून पायापर्यंत सलग जाते ती मज्जारज्जू आणि नसांची दोरी. उजव्या पायाशी तुलना करून पाहा. एकदाच करा, सारखं करत राहिलात तर तपासणीनेच नस चिडेल. हे सरांना तोंडी समजावण्यापेक्षा एकदा खुर्चीवर करून दाखवलंत तर वाद उरणार नाही. शरीर ओळखणाऱ्या शिक्षकाला हे लगेच पटतं.

पत्रापूर्वीचं शेवटचं: डाव्या पायाच्या चवड्यावर उभं राहून टाच उचलून पाहा. भिंतीला बोटं टेकवा आणि दोन्ही पायांवर वेगवेगळं दहा-दहा वेळा करा. एल५-एस१च्या चकतीने बहुधा जी नस दबते ती पोटरीला ताकद देते. उजव्यावर दहा आणि डाव्यावर तीन-चारच जमत असतील, आणि हे डॉक्टरांनी नोंदवलेलं नसेल, तर पत्र थांबवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा. जांघेत, गुदद्वाराभोवती बधिरपणा, लघवी अडणं किंवा कळत नसताना होणं, शौचावरचा ताबा जाणं, दोन्ही पायांतली ताकद कमी होणं, यांपैकी काहीही झालं तर वर्ग नाही, डॉक्टरांची वेळ घेणंही नाही. त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय.

हे सगळं ठीक आहे असं धरून, आणि तुमची उंची खुर्चीची बैठक, बसण्याची मर्यादा दहा मिनिटं, भुजंगासन कोपरांवर चालतं असं निघालं असं समजून, पत्र असं:

---

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

पाच महिन्यांपूर्वी माझ्या कंबरेतली सर्वांत खालची चकती सरकली. ती डाव्या पायाच्या नसेला लागते, त्यामुळे माझा त्रास कंबरेपेक्षा पायात दिसतो. डॉक्टरांनी वर्गाला यायची परवानगी दिली आहे आणि उपचार त्यांच्याकडेच चालू आहेत. तुमच्याकडून उपचार मागत नाही. काही बदल करून सर्वांबरोबर सराव करायची मुभा मागते आहे.

मला त्रास होतो तो तीन गोष्टींनी: कंबर गोल करून खाली वाकणं, पाय सरळ ठेवून पुढे वाकणं आणि जमिनीवर दहा मिनिटांपेक्षा जास्त बसणं. त्रास त्या वेळी कळत नाही, रात्री कळतो. म्हणून वर्गात मला सहज जमताना दिसलं तरी मी मर्यादेपाशी थांबेन. कृपया तो आळस समजू नये.

सूर्यनमस्कार मी भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर हात ठेवून करीन, सहा. पश्चिमोत्तानासन, जानुशीर्षासन, हलासन, नौकासन आणि दोन्ही पाय एकदम उचलायचं उत्तानपादासन सध्या करणार नाही. त्या वेळात मी सेतुबंधासन, एका पायाचं शलभासन किंवा भिंतीला हात लावून अर्धं उत्तानासन करीन. भुजंगासन कोपरांवर मला चालतं. पिळाची आसनं खुर्चीवर बसून, हाताने गुडघा न ओढता, अर्ध्यापर्यंतच करीन. प्राणायामाला खुर्चीवर बसेन. कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास रोखणं सहा आठवडे सोडते आहे. शवासनात पोटऱ्या खुर्चीवर ठेवीन.

एक विनंती आहे. आसन सुधारण्यासाठी कृपया माझ्या पाठीवर, कंबरेवर किंवा पायावर दाब देऊ नये. काही चुकत असेल तर तोंडी सांगा, मी लगेच सुधारीन.

कळ गुडघ्याच्या खाली उतरली तर मी न विचारता पालथी झोपून विश्रांती घेईन. मला काही विचारायला थांबू नका, वर्ग चालू ठेवा. पाच मिनिटांत कळ वर गेली नाही तर त्या दिवशी घरी जाईन.

खुर्चीसाठी मागच्या ओळीत भिंतीजवळची जागा मिळाली तर बरं होईल. कुठल्या दिवशी वर्गाआधी दहा मिनिटं दिलीत तर हे बदल एकदा तुमच्यासमोर करून दाखवीन. तुम्हाला त्यात सुधारणा सुचली तर मला हवीच आहे. सहा आठवड्यांनी काय वाढवता येईल ते आपण पुन्हा ठरवू.

आपली विद्यार्थिनी,
(नाव, आणि घरच्या एका माणसाचा फोन क्रमांक)

---

पत्र एका पानात बसतं आणि दोन मिनिटांत वाचून होतं. यापेक्षा मोठं करू नका. ‘उपचार मागत नाही’ हे वाक्य काढू नका. त्याने सरांच्या डोक्यावरचं ओझं उतरतं आणि ‘मी तुमची चकती बरी करतो’ म्हणणाऱ्या उत्साही शिक्षकालाही सौम्यपणे लगाम बसतो. सोडलेल्या प्रत्येक आसनाच्या जागी काय करणार ते लिहिलं आहे, म्हणून कोपऱ्यात बसवायचा प्रश्न उरत नाही. शिक्षकाला अडचण होते ती रिकाम्या बसलेल्या विद्यार्थ्याची. वेगळं काही करत असलेल्याची सहसा होत नाही.

सूर्यनमस्काराचा आकडा मुद्दाम घातला आहे. एका नमस्कारात पूर्ण पुढे वाकणं दोनदा येतं, तिसऱ्या आणि दहाव्या स्थितीत. वर्गात बारा नमस्कार असतील तर भल्या सकाळी, चकती फुगलेली असताना, चोवीस वेळा तुम्ही जमिनीपर्यंत जाता. त्याहून फसवी जागा म्हणजे पर्वतासनातून पाय दोन्ही हातांच्या मध्ये आणणं. पाय पूर्ण पोहोचत नाही, मग कंबर गोल करून, झटका देऊन तो पुढे ओढला जातो. वाकणं, भार आणि झटका एकाच क्षणी. खुर्चीवर हात ठेवले की धड वरच राहतं आणि पाय पुढे घ्यायला जागा मिळते, त्यामुळे हे दोन्ही सुटतं.

खुर्चीवरचा नमस्कार असा: उभं राहून नमस्कार, हात वर, पण मागे झुकणं नाही. गुडघे दुमडून खुब्यातून वाकत तळवे खुर्चीच्या बैठकीवर. उजवा पाय मागे, मग डावा मागे, शरीर टाचेपासून डोक्यापर्यंत एका तिरक्या फळीसारखं. दोन श्वास. साष्टांगाच्या जागी कोपर थोडे दुमडून पुन्हा सरळ करायचे. छाती थोडी पुढे आणायची. खुर्चीवर पूर्ण भुजंगासन करू नका, तिथे कंबर लटकते. मग नितंब मागे नेऊन पाठ लांब करायची, टाचा टेकल्या नाहीत तरी चालेल, गुडघे वाकलेलेच. एक पाय पुढे, दुसरा पुढे, खुर्चीला हलका रेटा देत वर. खुर्ची घडीची नको, आणि तिची पाठ भिंतीला टेकलेली हवी. ती सरकली तर सगळी काळजी वाया.

पिळाच्या आसनांबद्दल सर म्हणतील की चकतीला ती धोक्याची नाहीत, आणि ते अर्धं खरं आहे. कंबरेतले मणके मुळात फिरतातच कमी, एकेक जोड जेमतेम दोन-तीन अंश. बाकीचा पीळ छातीच्या मणक्यांतून आणि खुब्यांतून येतो. अर्धमत्स्येंद्रासनात मात्र नितंब जमिनीला रोवलेले, कंबर आधीच गोल झालेली, आणि वरून हाताने गुडघ्याला तरफ लावलेली असते. अशा वेळी उरलेला जोर कंबरेवर जातो. खुर्चीवर बसून श्रोणीलाही खांद्यांबरोबर थोडं वळू दिलं की हा जोर निघून जातो. दिसायला ते आळशी दिसतं, हे खरं.

श्वासाचं थोडक्यात. कपालभातीत पोट झटक्याने आवळलं जातं आणि पोटातला दाब वाढतो. शिंकताना किंवा खोकताना तुमची कळ पायात चमकत असेल तर कपालभातीतही ती चमकण्याची शक्यता आहे. चमकत नसेल तरी सहा आठवडे सोडल्याने काही बिघडत नाही. अनुलोम-विलोम श्वास न रोखता, खुर्चीवर, खुशाल करा. पावलं पूर्ण टेकलेली आणि गुडघे खुब्यांपेक्षा थोडे खाली असू द्या.

हाताने दाब न देण्याची विनंती सर्वांत नाजूक वाटेल, पण ती लेखी असायलाच हवी. गर्दीच्या वर्गात शिक्षक ओळीतून जाताना सवयीने पाठीवर हात ठेवून खाली दाबतात. तुमचं नाव, तुमचा आजार त्या क्षणी त्यांना आठवेलच असं नाही. म्हणून पत्राबरोबर एक खूणही ठरवा: मॅटच्या वरच्या कोपऱ्यात घडी केलेला रुमाल, म्हणजे हिला हात लावायचा नाही. बदली शिक्षक आले तर वर्ग सुरू व्हायच्या आधी त्यांना तोंडी एकच वाक्य सांगा: ‘कंबरेची चकती आहे, दाब देऊ नका, मी खुर्चीवर करते.’ पूर्ण पत्र त्यांना नको.

सर म्हणाले की ‘हे सगळं सोडलं तर योग काय राहिला, थोडं सोसल्याशिवाय सुटत नाही’, तर वाद न घालता एवढंच म्हणा: ‘सर, सहा आठवडे असं करून पाहू.’ तरीही त्यांनी एकदा जरी दाबून पुढे वाकवलं, तर तो वर्ग तुमच्यासाठी नाही. पुन्हा समजावण्यात नस खर्ची घालू नका.

वर्ग झाल्यावर चोवीस तासांची नोंद ठेवा. तीन आकडे पुरतात. रात्री झोपताना कळ कुठपर्यंत आहे, सकाळी उठल्यावर कुठपर्यंत, आणि दहापैकी किती. सकाळची कळ आदल्या सकाळइतकी किंवा वर असेल तर त्याच मापाने पुढचा वर्ग करा. गुडघ्याखाली गेली असेल तर एक वर्ग चुकवा आणि परत जाताना एकच गोष्ट कमी करा. बहुतेक वेळा ती बसण्याची मिनिटं असतात, आसन नसतं. उठल्यापासून वर्गापर्यंत निदान एक तास जाऊ द्या आणि त्यातली पंधरा-वीस मिनिटं चालण्यात घालवा. बुटांच्या नाड्या बांधायच्या नसतील असे बूट घाला. शवासनातून उठताना सरळ उठून बसू नका. गुडघे दुमडून उजव्या कुशीवर वळा आणि हातांच्या जोराने उठा. खुर्ची आणि मॅट जागेवर ठेवण्याचं काम शेजारणीला सांगा, निदान सुरुवातीला.

चांगल्या जाणाऱ्या दर दोन आठवड्यांनी एकच बदल वाढवा. आधी नमस्कार सहाचे आठ, खुर्चीवरच. मग खुर्चीच्या बैठकीऐवजी समोर उभे ठेवलेले दोन ठोकळे, गुडघे दुमडूनच. दोन बदल एकदम केलेत आणि कळ उतरली, तर कशाने उतरली हे कळायला मार्ग राहत नाही. पश्चिमोत्तानासन सर्वांत शेवटी, तेही खुर्चीवरची मान वर-खाली करायची तपासणी दोन्ही पायांत सारखी यायला लागल्यावर आणि डॉक्टरांनी पाहिल्यावर. सहा आठवड्यांनी सरांना दुसरी चिठ्ठी द्या. ती चार ओळींची पुरे: आता ठोकळ्यांपर्यंत वाकते, पंधरा मिनिटं बसते, कपालभाती हळू सुरू करते आहे, हाताचा दाब अजूनही नको.